पाच लाख भरायचे, पण हप्ता कमी करायचा की मुदत?

गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम करतोय, पण त्या दिवशीच्या काकूंसारखा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. काका अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला, वय 46, अठ्ठावन्नला निवृत्ती. कर्ज 30 लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, मुदत 15 वर्षं, हप्ता 29,542. गावची जमीन विकून आलेले 5 लाख भरायचे होते.

काका ठरवूनच आले होते. हप्ता तोच ठेवला तर कर्ज 180 ऐवजी साधारण 130 महिन्यांत फिटतं आणि 9.88 लाख व्याज वाचतं. मुदत तीच ठेवली तर हप्ता 24,618 होतो, पण वाचतात फक्त 3.86 लाख. "मुदतच कमी करा साहेब," ते म्हणाले.

काकूंनी विचारलं, "पैसे तर तेवढेच भरतोय. मग वरचे सहा लाख कुठून येतात?"

मला हा प्रश्न फार आवडला, कारण सगळं त्यातच आहे. हप्ता कमी केला की दरमहा 4,924 रुपये तुमच्या हातात राहतात, आणि तेवढं मुद्दल जास्त काळ बँकेचं देणं राहतं. सहा लाख हे त्या लांबलेल्या उधारीचं व्याज. तेच 4,924 दर महिन्याला पुन्हा कर्जात भरले, तर कर्ज त्याच 130 महिन्यांत फिटतं. बचतही तीच. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर असं जादा भरण्यावर बँकेला दंड लावता येत नाही.

मग मी घरचं विचारलं. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाणार, आणि कारखान्यात माणसं कमी करण्याची कुजबुज. अशा घराला मी मुदत कमी करायला सांगणार नाही. 29,542 चा हप्ता बांधून घेतला की तो चुकवता येत नाही. अडचणीत मुदत पुन्हा वाढवायची तर नव्याने अर्ज, आणि तेव्हा पगारच नसेल तर मंजुरी कोण देणार? 24,618 चा हप्ता असेल तर फीच्या महिन्यात जादा भरणं थांबवता येतं.

काका म्हणाले, "पण आपण ते दरमहा भरू का?" धोका नेमका तिथेच. जादा काहीच भरलं नाही, तर कर्ज काकांच्या एकसष्टीपर्यंत चालेल, म्हणजे निवृत्तीनंतरही तीन वर्षं. काकू म्हणाल्या, "पगाराच्या दिवशी मी वेगळ्या खात्यात टाकते, तिमाहीला भरू."

अर्जावर "हप्ता कमी करावा, मुदत तशीच ठेवावी" असं स्पष्ट लिहायला लावलं. काही न लिहिता पैसे भरले तर बरेचदा हप्ता तोच राहतो आणि मुदत आपोआप घटते. नवं वेळापत्रक आल्यावर मुद्दल 25 लाखांवर आलंय का, आणि दर तिमाहीची जादा रक्कम पुढचा हप्ता म्हणून न धरता मुद्दलातून वजा होते का, हे पाहायला सांगितलं. काकूंनी दोन्ही गोष्टी पासबुकाच्या मागे लिहून घेतल्या.