तुम्ही विचारलंत म्हणून: न दिसणारं यंत्र कसं विकावं

“श्रवणयंत्र दिसत नाही, हाच तर ते विकण्याचा सगळ्यात मोठा मुद्दा. मग तोच सोडून द्या असं तुम्ही कंपन्यांना का सांगता?”

कारण त्या मुद्द्यावर गिऱ्हाईक दुकानात येतं आणि त्याच मुद्द्यापायी यंत्र परत करतं. ‘कुणाला कळणारही नाही’ असं जाहिरात म्हणते, तेव्हा हे लपवण्यासारखं आहे यावर कंपनीच शिक्का मारते. कालपर्यंत ज्याला फारशी लाज वाटत नव्हती, त्यालाही ती वाटायला लागते.

नेहमीचं उदाहरण घ्या. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, बैठका चालवणारे. वयाबरोबर त्यांचं वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी झालंय, खालच्या पट्टीचं शाबूत आहे. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘स’ निसटला की ‘साठ’चं ‘आठ’ होतं. ते जाहिरात पाहून कानाच्या नळीत पूर्ण आत बसणारं यंत्र मागतात. आता आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडांतून कानाच्या नळीतही पोहोचतो. नळी उघडी असली की त्याची घुमारी बाहेर निघून जाते. नळी बंद केली की ती आतच कोंडते, आणि स्वतःचं बोलणं पिंपातून आल्यासारखं वाटतं. खालच्या पट्टीचं चांगलं ऐकू येणाऱ्याला याचा त्रास सगळ्यात जास्त. शिवाय एवढ्याशा यंत्रात बहुधा एकच मायक्रोफोन मावतो. समोरच्याचा आवाज उचलून मागचा गलका दाबायला थोड्या अंतरावर दोन मायक्रोफोन लागतात, आणि तेवढी जागा कानामागच्या यंत्रात असते. या गृहस्थांना खरं तर तेच शोभलं असतं: मागे छोटी डबी, बारीक तार, नळीत भोकांचा मऊ डोम.

दुसरं नुकसान तर मोजलंच जात नाही. यंत्र लपलेलं असलं की समोरच्याला काहीच माहीत नसतं. तो पाठ फिरवून बोलतो, तोंडावर हात ठेवून बोलतो. मग ‘जरा इकडे बघून बोला’ म्हणायचं, तर गुपित फुटतं. म्हणून गृहस्थ मान डोलावतात, चुकीचं उत्तर देतात आणि काही दिवसांत यंत्र खणात जातं. परतीच्या अर्जावर कारण लिहिलं जातं ‘आराम वाटत नाही’, आणि ते वाचून कंपनी आणखी लहान यंत्र काढायला बसते!

अशाच एका कंपनीबरोबर आम्ही आधी फोटो बदलले. जुन्या फोटोंत नातवंडं आजोबांच्या कानाशी वाकलेली असायची. नव्यांत यंत्र घातलेला माणूस बोलतोय, बाकीचे ऐकताहेत. कानामागची डबी दिसते, पण कॅमेरा तिच्यावर रेंगाळत नाही. ‘आता बाबांशी पुन्हा बोलता येईल’ ही ओळ काढली, कारण तीत बाबाच अडचण ठरतात. कुणीतरी भडक रंग आणि ‘अभिमानाने मिरवा’ सुचवलं होतं. मुलांना असे रंग आवडतात, पण पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्या साठीच्या माणसाला मिरवायचं नसतं. त्याला बैठक चालवायची असते.

खरा बदल मात्र यंत्र बसवायच्या खोलीत झाला. ऑडिओलॉजिस्ट आता आधी विचारतात, ‘नेमकं कुठे अडतं?’ गिऱ्हाईक दोन-तीन प्रसंग सांगतं आणि मॉडेल त्यावरून ठरतं. निघण्यापूर्वी एक वाक्य मोठ्याने म्हणून घेतलं जातं: ‘मी यंत्र वापरतो, समोर बसून बोललात तर मला सगळं नीट कळतं.’ मला सुरुवातीला हे जरा नाटकी वाटलं होतं. पण ‘कानात काय आहे?’ हा प्रश्न येणारच असतो आणि उत्तर तयार असलं की माणूस गांगरत नाही. सुरुवातीला भांड्यांचा, कागदांचा आवाज टोचेल, हेही तिथेच सांगतात. ‘पहिल्यासारखं ऐकू येईल’ असं कुणी म्हणायचं नाही. आतल्या कानाची झीज यंत्राने भरून येत नाही आणि तसं वचन दिलं की निराशा ठरलेलीच.

हे जमतंय की नाही, ते विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. आजची बहुतेक यंत्रं रोज सरासरी किती तास वापरली गेली याची नोंद ठेवतात. पुढच्या भेटीत तो आकडा बघायचा. दिवसभर घातलं असेल तर निवड जमली. तासा-दोन तासांवर अडकलं असेल, तर कुठल्या प्रसंगी काढलं ते विचारायचं.

आत बसणारं यंत्र आम्ही यादीतून काढलेलं नाही. काहींना तेच हवं असतं, काहींच्या कानाला ते चालतंही. लोक शोधताना ‘न दिसणारं कानाचं मशीन’ असंच टाइप करतात, म्हणून त्या नावाचं पानही ठेवलं. विक्रीप्रमुखांचा आग्रहच होता. फक्त त्या पानावर पहिल्या दोन ओळींतच लिहिलंय की गोंगाटात हे कमी पडेल आणि स्वतःचा आवाज घुमू शकतो.