आमची वाटचाल : हळद ब्रँडच्या पेजवरून विकायची की माझ्या नावानं?

सांगलीत हळदीचा व्यवसाय म्हटला की लोकांना मार्केट यार्डातले सौदे आठवतात. आमचा पसारा तेवढा नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर शेतावर राजापुरी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून देतात आणि मी ती दळून, पाकिटात भरून घरोघरी पोचवते. पहिली दोन वर्षं सगळी विक्री ओळखीवर चालली. मग इन्स्टाग्रामवर आमच्या ब्रँडचं पेज काढलं. माझं स्वतःचं अकाउंट आधीपासून होतंच.

पेजवर आम्ही नीटनेटकी चित्रं टाकायचो. पाकीट, दर, सणाची सूट, सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन. कुणी विचारायचं नाही. एकदा भाऊजी कढईतल्या हळकुंडात काडी टोचून बघत होते. काडी सहज आत गेली की हळद शिजली, असं ते म्हणाले आणि मी ते चित्रीकरण माझ्या अकाउंटवर टाकलं. दोन दिवसांत दराची विचारणा करणारे तीसएक मेसेज आले. तेव्हापासून मी पेजकडे दुर्लक्षच केलं. मीच ब्रँड, असं मला वाटू लागलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी दवाखान्यात होते. अनोळखी माणसाचे मेसेज थेट समोर येत नाहीत, ते ‘विनंत्या’ या वेगळ्या कप्प्यात जातात. तिथं अठरा जण थांबले होते. पुतण्याला पासवर्ड दिला, तर तो पुण्यातून लॉगिन करायला लागला की कोड माझ्या फोनवर यायचा आणि फोन माझ्या पिशवीत बंद. अठरापैकी अकरा जणांनी तोवर दुसरीकडून हळद घेतली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही बंद केलंत का?’ ते वाचून मला फार लागलं. बंद मी नव्हते, दुकान माझ्या एकटीच्या फोनमध्ये अडकलं होतं.

मग मी वही काढली. दोन महिने, नवीन गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न : आम्ही तुम्हाला कुठं दिसलो? पाहणारे किती, हे मी मोजलंच नाही. दर विचारला का, पैसे पाठवले का, एवढंच लिहिलं. माझ्या अकाउंटवरून विचारणा झाल्या एकेचाळीस, खरेदी बारा. पेजवरून विचारणा फक्त नऊ, पण खरेदी सहा. मला वाटलं होतं पेज निरुपयोगी आहे. बाराजणांना पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, त्यातल्या आठ जणांनी पैसे पाठवण्याआधी पेज उघडून पाहिलं होतं. पत्ता आहे का, अन्न परवान्याचा नंबर आहे का, आधीच्या गिऱ्हाइकांचे फोटो आहेत का. ओळख माझ्याकडून होत होती, आणि पैसे पाठवण्याचा धीर पेजकडून मिळत होता.

दुसरी गोष्ट वहीत नव्हती. भाऊजी एक दिवस शांतपणे म्हणाले, ‘वहिनी, लोक म्हणतात हळद तुम्ही करता.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त जाणवलं.

आता आवाज माझाच ठेवला आहे, पण घर पेजचं. रील पेजवरून टाकते आणि माझ्या अकाउंटला सहलेखक म्हणून आमंत्रण पाठवते. ते स्वीकारलं की एकच पोस्ट दोन्हीकडे दिसते, लाइक आणि कॉमेंटही एकत्र राहतात. उलट केलं असतं तर पोस्ट माझ्या नावाची राहिली असती, आणि मूळ टाकणाऱ्यानं ती काढली की दोन्हीकडून जाते. उद्या मी अकाउंट बंद केलं, तरी पेजवरून टाकलेले हे रील तिथंच राहतील. पेजचे मेसेज आता पुतण्या त्याच्या स्वतःच्या लॉगिनवरून बघतो. मेटाच्या बिझनेस सूटमधून त्याला तेवढाच अधिकार दिला आहे. माझ्या अकाउंटवर कुणी दर विचारला, तर दर न सांगता पेजची लिंक पाठवते. चारपैकी एखादा माणूस त्या वळणावर गळतो, तो तोटा मी मान्य केला आहे.

घरातल्या गोष्टी मात्र पेजवर नेत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी माझ्या अकाउंटवर लिहिलं. त्याच्या खालोखाल दुसऱ्या दिवशी सवलतीच्या पाकिटाची पोस्ट आली असती तर मला सहन झालं नसतं. पेजवर तेरा दिवस फक्त आधीच्या मागण्या पोचवल्याचे निरोप गेले.

यंदा शिजवणीला फोन भाऊजींच्या हातात दिला. त्यांचं बोलणं तुटक आहे, दोनदा धुरानं डोळे चोळले. त्यांचं अकाउंट नाही, म्हणून ते रील फक्त पेजवरून गेलं. पहिला मेसेज इस्लामपूरहून आला : ‘दादा, तुमच्याकडं अख्खी हळकुंडं मिळतात का?’