रेफरल चिठ्ठीतला ‘निदान’ हा रकाना

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आजारी बाळ मोठ्या रुग्णालयात पाठवताना जी चिठ्ठी भरावी लागे, तिच्यात वरून चौथ्या ओळीवर ‘तात्पुरते निदान’ असा रकाना होता. त्या रकान्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हा अनुभव लिहायला बसले ते मुख्यतः त्याच रागापायी.

पाच महिन्यांची मुलगी, वजन 6 किलो. दोन दिवसांपासून ताप आणि खोकला होता. आई आणि आजी तिला घेऊन सकाळपासून रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या नंतर आलेले एक बाळ आकांत करत होते, म्हणून त्याला आधी आत घेतले गेले. ही मुलगी आईच्या खांद्यावर शांत पडून होती, म्हणून तिचा नंबर मागे राहिला. वास्तविक जोरात रडणाऱ्या बाळापेक्षा रांगेत निपचित पडलेले बाळ आधी पाहायला हवे. हे मला ठाऊक होते, पण गर्दीत ते सुचले नाही.

तपासणी सुरळीत झाली, जरा जास्तच सुरळीत. काखेतला ताप 38.2 अंश सेल्सिअस होता. श्वास मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले, ते 54 भरले. दोन महिने पूर्ण झालेल्या आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून अधिक असतील, तर ते जलद धरले जातात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात नव्हता. ऑक्सिमीटरवर 95 दिसले आणि तो आकडा पाहून मला हायसे वाटले. एरवी रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाचे श्वास मोजताना तीन-तीनदा सुरुवात करावी लागते. इथे पहिल्या खेपेलाच मोजणी पुरी झाली, कारण बाळ हलतच नव्हते. त्या सोयीचाच मला संशय यायला हवा होता.

धोक्याच्या सर्वसाधारण लक्षणांचे चार प्रश्नही मी विचारले होते. “दूध पिते का?” “पिते.” “प्यालेले सगळे उलटून टाकते का?” “एकदा ओकली.” “झटके आले का?” “नाही.” “सुस्त वाटते का?” त्यावर आजी म्हणाल्या, “रात्रभर जागी होती हो, आता कुठे डोळा लागलाय.” चारही ठिकाणी मी ‘नाही’वर खूण केली. एवढ्यावर थांबले असते, तर हिशेब सोपा होता. जलद श्वास आहे, छाती आत ओढली जात नाही, धोक्याचे लक्षण नाही, म्हणजे न्यूमोनिया; तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन घरी पाठवायचे आणि ठरल्या दिवशी पुन्हा बोलवायचे. मी केसपेपरवर औषध लिहायला घेतले होते.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, एकदा जागी करून बघू या का?”

बाळाचे कपडे सैल केले, मोजे काढले, तळपाय चोळले, कानाजवळ टाळी वाजवली. मुलीने डोळे अर्धवट उघडले. आईने तोंडासमोर तोंड नेऊन हाक मारली, तेव्हा तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून घसरून कुठेतरी पलीकडे गेली आणि तिथेच राहिली. मी हात उचलून सोडला तर तो आईच्या मांडीवर पडला आणि बोटेसुद्धा मिटली नाहीत. झोपमोड झालेले बाळ चिडते, तोंड वेडेवाकडे करते, आईला बिलगते. ही मुलगी रडलीही नाही. डोळे उघडे असूनही आजूबाजूला काय चालले आहे याची दखल न घेणे, याला सुस्ती म्हणतात. बाळ पूर्ण बेशुद्ध होण्याची वाट पाहायची नसते.

मग आईला समोर बसवून पाजायला सांगितले. बाळाने दोनदा ओढल्यासारखे केले आणि थांबले. दूध ओठांच्या कडेने बाहेर आले. नाक चोंदलेले असले तरी बाळ नीट ओढू शकत नाही, म्हणून आधी नाक स्वच्छ केले आणि पुन्हा लावून पाहिले. नाक मोकळे केल्यावर बाळ पिऊ लागले, तर हे लक्षण धरायचे नाही. इथे तसे झाले नाही. मी आईला विचारले, “पोटभर कधी प्याली होती?” ती म्हणाली, “काल संध्याकाळी. मी दर दोन तासांनी पाजतेय, पण तिला नकोच असतं.” म्हणजे मघाशी मी ‘पिते का’ विचारले होते आणि तिने ‘पाजते’ याचे उत्तर दिले होते. खोटे ती काहीच बोलली नव्हती. तेव्हापासून मी हा प्रश्न नुसता विचारून सोडत नाही, समोर पाजायला लावते.

चारपैकी दोन लक्षणे ठरली. एक असते तरी पुरे होते. श्वास तेच 54, ताप तोच, ऑक्सिमीटरचा आकडाही तोच. पण आता हा घरी उपचार करण्याजोगा न्यूमोनिया राहिला नाही. वर्गीकरण बदलून ‘गंभीर न्यूमोनिया किंवा अतिगंभीर आजार’ असे झाले, आणि त्यावर एकच मार्ग असतो: पहिला डोस देऊन तातडीने पुढे पाठवणे.

इथे तो रकाना आडवा आला.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. पुढच्या रुग्णालयात फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “निदान काय?” मी म्हटले, “न्यूमोनिया.” त्यावर, “छाती ओढते का? ऑक्सिजन किती?” मी सांगितले. “मग साधाच दिसतोय, तुमच्याकडेच औषध सुरू करा ना.” मी सुस्तीबद्दल सांगितले, तर विचारणा झाली, “मेंदूज्वर म्हणायचाय का? टाळू फुगलीय का? मान कडक आहे का?” टाळू फुगलेली नव्हती. “मग रक्त तपासून, एक्स-रे काढून पाठवा, म्हणजे आम्हाला बेड कुठल्या वॉर्डात ठेवायचा ते कळेल.” आमच्याकडे एक्स-रे नव्हता आणि रक्ताचा जो अहवाल मिळू शकला असता तो दुपारनंतर मिळाला असता. लाज वाटते, पण खरे सांगायचे तर मीही त्या खेळात सामील झाले. चिठ्ठीवर ‘न्यूमोनिया’ लिहिले, खोडले, ‘मेंदूज्वर?’ लिहिले, तेही खोडले, ‘रक्तातील जंतुसंसर्ग?’ असे लिहून फोन पुन्हा लावला. प्रत्येक उत्तराला पलीकडे एक नवा आक्षेप तयार होता.

ही लक्षणे ‘सर्वसाधारण’ म्हटली जातात ती याचसाठी, की ती कोणत्या एका रोगाची नाहीत. बाळ सुस्त होते आणि पीत नाही, याला कारण न्यूमोनिया असेल, मेंदूज्वर असेल, रक्तात जंतू शिरले असतील, किंवा पंधरा-सोळा तास पोटात काही न गेल्याने रक्तातली साखर उतरली असेल. आणि यांतली दोन कारणे एकत्रही असू शकतात. बाहेरून पाहून ती वेगळी करता येत नाहीत. ती वेगळी करण्याची साधने पुढच्या रुग्णालयात असतात आणि बाळाला तिथे पाठवायचे ते म्हणूनच. तेव्हा आधी निदान मागणे म्हणजे तपासायला पाठवण्याआधीच तपासणीचा निकाल मागण्यासारखे आहे. उलट बाजूही सांगायला हवी. या लक्षणांवरून पाठवलेली काही बाळे तिथे तेवढी गंभीर निघत नाहीत, आणि तिथल्या लोकांची त्रासिक कुरकुर त्यातूनच येते. पण ती कुरकुर सोसणे हा या पद्धतीचाच भाग आहे.

अकरा पस्तीसला मी फोन ठेवला, नवी चिठ्ठी घेतली आणि रकान्यात लिहिले: “निदान झालेले नाही. धोक्याची लक्षणे: सुस्त, अंगावर ओढत नाही. जलद श्वास 54.” कोणाच्याही होकाराची वाट न पाहता गाडी बोलावली.

पंचवीस मिनिटे गेली होती. ती सगळीच वाया गेली नाहीत, याचे श्रेय सिस्टरांचे. मी फोनवर हुज्जत घालत असताना त्यांनी दोन्ही इंजेक्शने तयार ठेवली होती. अँपिसिलिन किलोला 50 मिलिग्रॅम, म्हणजे 300. जेंटामायसिन किलोला साडेसात, म्हणजे 45. दोन्ही मांडीत, स्नायूमध्ये, वेगवेगळ्या जागी दिली. आईने वाटीत दूध पिळून काढले, ते साधारण 40 मिलिलिटर निघाले. बाळ गिळत नव्हते, म्हणून ते वाटी-चमच्याने न देता नाकातून नळी घालून, नळी पोटातच आहे याची खात्री करून दिले. दूध निघाले नसते तर साखरेचे पाणी चालले असते: 200 मिलिलिटर स्वच्छ पाण्यात 4 सपाट चमचे, म्हणजे 20 ग्रॅम साखर, आणि त्यातले 30 ते 50 मिलिलिटर. सुस्त बाळाच्या तोंडात चमच्याने काही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. आजी तेच करायला निघाल्या होत्या आणि त्यांचा हात धरावा लागला.

झटक्यांच्या प्रश्नाबद्दल सांगायचे राहिले. ‘झटके’ हा शब्द सगळ्या आयांना कळतो असे नाही. आकडी आली का, हातपाय ताठ झाले का, डोळे फिरवले का, असे विचारावे. तापाआधी थंडी वाजून थरथरणे म्हणजे झटका नव्हे. उलटीचेही तसेच आहे: दोन-चारदा ओकलेले बाळ थोडे जरी पोटात ठेवत असेल, तर ‘सगळे उलटून टाकते’ असे धरू नये.

आणखी एक. हे सगळे दोन महिन्यांपुढच्या बाळाबद्दल आहे. त्याहून लहान बाळाला वेगळी फूटपट्टी लागते: श्वासाची मर्यादा 60, नीट न पिणे एवढेसुद्धा पुरेसे, उत्तेजन दिल्यावरच हालचाल होत असेल तर पाठवायचे, आणि ताप 37.5 च्या वर असला तरी किंवा अंग 35.5 च्या खाली गार पडले तरी पाठवायचे. गार पडलेले तान्हे बाळ घरच्यांना ‘ताप उतरलेले’ वाटते.

गाडीत बसवताना बाळाला आईच्या कुशीत गुंडाळून दिले. चिठ्ठीवर इंजेक्शनांची मात्रा आणि वेळ लिहिली, कारण पुढचा डोस त्यावरून ठरतो. आई विचारत होती, “तिथे घेतील ना?” मी म्हटले, “घेतील.” मला तेव्हा खात्री नव्हती. त्यांनी घेतले.

नवव्या दिवशी त्या तिघी पुन्हा आल्या. मी स्टेथोस्कोप पुढे केला तर मुलीने त्याची नळी धरून तोंडात घातली आणि काढून घेतल्यावर भोकाड पसरले. चिठ्ठ्या संपल्यावर नव्या छापून घेतल्या, तेव्हा मी सगळ्यात वर चार लक्षणे आणि पहिल्या डोसाची वेळ घातली. निदानाचा रकाना काढून टाकायला परवानगी मिळाली नाही. तो आता तळाला आहे आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत ‘असल्यास’ असे छापले आहे.