हार्मोनियम प्रीअँप: हरवलेला गेन बायपास कपॅसिटरपाशी सापडला

मंडळी, मागच्या अपडेटपासून अडून बसलेलं गाडं एकदाचं हललं. हार्मोनियमच्या पिएझोसाठीच्या प्रीअँपमधल्या 2N7000 मॉसफेटच्या कॉमन सोर्स स्टेजचा गेन हिशेबाने सत्तरच्या घरात यायला हवा होता आणि स्कोपवर १ किलोहर्ट्‌झला जेमतेम २६ दिसत होता. आता कारण कळलंय आणि त्यापायी अख्ख्या स्टेजचा आराखडाच बदलतोय.

सर्किट तेच आहे. १२ व्होल्ट सप्लाय, ड्रेनला ४.७ के, सोर्सला १ के, त्याच्या अंगावर १ मायक्रोफॅरडचा फिल्म बायपास, गेटला १० मेगमधून बायस. ड्रेन करंट १ मिलिअँप, म्हणजे ड्रेनवर ७.३ व्होल्ट आणि सोर्सवर १ व्होल्ट. १ मायक्रोफॅरड ही किंमत मूळ किटच्या बोर्डावरच छापलेली आहे.

आधी जीएमचा प्रश्न, कारण गेल्या वेळी सगळ्यांनी तोच काढला होता. डेटाशीटमध्ये किमान १०० मिलिसीमेन्स लिहिलंय, मग गेन ४७० का येत नाही? तो आकडा २०० मिलिअँपचा आहे. मॉसफेटचा जीएम साधारण करंटच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. २०० वरून १ मिलिअँपवर आलो की तो चौदाएक पटीने खाली येतो आणि किमान ७ उरतो. प्रत्यक्ष पीस त्या किमान आकड्याच्या किती वर असेल, हे डेटाशीट सांगत नाही. म्हणून मोजणं भाग आहे, आणि ते साध्या मल्टिमीटरने होतं.

सोर्स तात्पुरता सरळ ग्राउंडला जोडला आणि गेटला दहा फेऱ्यांच्या प्रीसेटमधून डीसी दिला. करंट ०.८६ मिलिअँप होईपर्यंत फिरवलं, तेव्हा ४.७ के वर ४.०४ व्होल्ट पडत होते. मग गेट बरोबर २० मिलिव्होल्टने वर नेला. ड्रेन रेझिस्टरवरचे व्होल्ट ५.४५ झाले, म्हणजे करंट १.१६. फरक ०.३० मिलिअँप, भागिले २० मिलिव्होल्ट, जीएम १५ मिलिसीमेन्स. गंमत अशी की हा भागाकार करायचीही गरज नाही. गेट २० मिलिव्होल्टने हलला आणि ड्रेन १.४१ व्होल्टने हलला, म्हणजे ७०. जीएम गुणिले ड्रेन रेझिस्टर म्हणतात ते हेच, फक्त डीसीवर पाहिलेलं. गेट वर गेला की ड्रेन खाली येतो, सूत्रातलं वजा चिन्हही इथे डोळ्यांनी दिसतं.

हे मोजताना पीसला बोट लावू नका. गरम झाला की थ्रेशोल्ड काही मिलिव्होल्टने सरकतो, आणि आपली पायरीच मुळी २० मिलिव्होल्टची आहे. गेटवर थेट मीटरही टेकवू नका. १० मेगच्या मीटरने १० मेगचा बायस निम्मा होतो. प्रीसेटच्या वायपरवर मोजा.

तर डीसीवर ७० आणि १ किलोहर्ट्‌झला २६. मधले कुठे गेले? लोड नव्हता, फक्त स्कोपचा टेन-एक्स प्रोब होता. पीस बदलून पाहिला, फरक नाही. शेवटी जनरेटरची फ्रिक्वेन्सी फिरवत गेले आणि चित्र उलगडायला लागलं. १० किलोहर्ट्‌झला गेन ६८. १ किलोहर्ट्‌झला २६. १३० हर्ट्‌झला, म्हणजे पांढरी एकच्या मंद्र षड्जाला, सहासुद्धा नाही. पंचवटीतल्या भजनी मंडळाचे बुवा पहिल्या चाचणीला म्हणाले होते, "ताई, आवाज पत्र्यावर वाजवल्यासारखा येतोय, खर्ज कुठाय?" त्यांच्या कानाला जे लागलं होतं ते आता आकड्यांत समोर होतं.

वरच्या टोकाला गेन पूर्ण आणि खाली गळतोय, म्हणजे बायपास कपॅसिटर. पण १ के आणि १ मायक्रोफॅरडचा हिशेब तर १५९ हर्ट्‌झ येतो. मग १ किलोहर्ट्‌झला त्याने सोर्स ग्राउंडला बांधलेला असायला हवा ना? इथेच गोम आहे, आणि ती समजण्यासाठी सोर्स रेझिस्टर नेमकं काय करतो ते बघावं लागतं.

बायपास काढून टाकला आणि गेटला १६० मिलिव्होल्ट दिले. प्रोब सोर्सवर ठेवला तर तिथे १५० मिलिव्होल्ट. सोर्स जवळजवळ गेटच्या मागोमाग चालतो. मॉसफेटला गेट आणि सोर्स यांच्यातला फरकच कळतो, आणि तो उरतो फक्त १० मिलिव्होल्ट. दहाला १५ मिलिसीमेन्सने गुणलं की करंट ०.१५ मिलिअँपने हलतो, ड्रेन ०.७ व्होल्टने. ०.७ भागिले ०.१६ म्हणजे गेन ४.४. सूत्रात हेच आहे:

```
Av = -gm*RD / (1 + gm*RS)
   = -70.5 / (1 + 15) = -4.4
```

खालचा तो १६ म्हणजे सोर्स रेझिस्टरने गेन किती पट खाल्ला ते. जीएम मोठा असेल तर हा गेन सरळ ड्रेन रेझिस्टर भागिले सोर्स रेझिस्टर, म्हणजे ४.७ कडे झुकतो.

आता कपॅसिटर परत लावा. त्याला सोर्सच्या पायापाशी समोर काय दिसतं? एकटा १ के नाही. सोर्समधून मॉसफेटच्या आत बघितलं की एक भागिले जीएम दिसतो, ६७ ओहम. तो १ के च्या समांतर, मिळून ६२.५ ओहम. कपॅसिटरला भांडायचंय ते या ६२.५ ओहमशी. म्हणून टप्पे दोन आहेत:

```
fz = 1/(2*pi*RS*C)           = 159 Hz
fp = 1/(2*pi*(RS || 1/gm)*C) = 2.5 kHz
```

१५९ हर्ट्‌झला गेन ४.४ पासून नुसता चढायला लागतो. तो ७० जवळ पोहोचतो २.५ किलोहर्ट्‌झच्या पलीकडे. दोन्हींमधलं अंतर नेमकं त्या १६ पटीचं. सूत्रातून १ किलोहर्ट्‌झचा आकडा काढला, २६ आला. स्कोपवरचा तोच. फार दिवसांनी एवढं समाधान मिळालं!

बायपास १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक केला की दुसरा टप्पा २५ हर्ट्‌झला येतो. बसवला, आणि १३० हर्ट्‌झपासून वर गेन सपाट, सत्तरच्या आसपास. फिल्मच हवी म्हणून अडून बसणाऱ्यांना एवढंच सांगते, की या जागी कपॅसिटरवर सिग्नल नगण्य असतो आणि १०० मायक्रोफॅरडची फिल्म या बोर्डात मावणारही नाही. चांगल्या मेकचा १०५ डिग्रीचा इलेक्ट्रोलिटिक पुरे. मी एमजी रोडवरून घेतला. सुटे पार्ट तिथे बघून, हाताळून घेता येतात, ते मला ऑनलाइनपेक्षा बरं वाटतं.

खर्ज आला, पण आता नवीन दुखणं. भात्याचा जोर वाढला की आवाज खरखरतो. पिएझोचे शिखर २० मिलिव्होल्ट, आउटपुट १.४ व्होल्ट, म्हणजे क्लिपिंगला अजून बराच वाव आहे. मग हे क्लिपिंग नाहीच. स्मॉल सिग्नल म्हणजे किती स्मॉल, हा तो मुद्दा आहे. दुप्पट करंट भागिले जीएम केलं की या पीसचा ओव्हरड्राइव्ह सुमारे १३० मिलिव्होल्ट निघतो. वर्गाच्या नियमाने दुसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण गेट-सोर्समधला सिग्नल भागिले चौपट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे २० ला जवळपास चार टक्के. १ मिलिअँपला पीस वर्गाच्या नियमावर तंतोतंत चालत नाही, पण अंदाज चुकीच्या गावाला नेत नाही. स्कोपवरही साइनचं एक टोक बोथट आणि दुसरं टोकदार दिसतंय.

शिवाय गेन पूर्णपणे जीएमच्या भरवशावर आहे. दुसऱ्या पाकिटातला पीस १२ मिलिसीमेन्सचा निघाला तर गेन ५६, आणि १८ चा निघाला तर ८५. स्टिरिओ जोडीसाठी हे चालणार नाही.

म्हणून सोर्स रेझिस्टर दोन भागांत फोडला. वर २२० ओहम मोकळा, त्याखाली ८२० ओहम, आणि १०० मायक्रोफॅरड फक्त ८२० च्या अंगावर. डीसीला जवळपास तोच १ के दिसतो, बायस जागचा हलत नाही. सिग्नलला मात्र २२० चा अडथळा आहे. गेन ७०.५ भागिले ४.३, म्हणजे १६.४. जीएम १२ असेल तर १५.५, १८ असेल तर १७.१. पीस वीस टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तरी गेन पाचएक टक्केच हलतो. २० मिलिव्होल्टमधले गेट-सोर्सच्या वाट्याला जेमतेम ५ येतात, आणि त्याच इनपुटला दुसरा हार्मोनिक ४.३ च्या वर्गाने घटून ०.२ टक्क्यांवर येतो. आउटपुटही कमी झालाय हे खरं. तेवढाच आउटपुट परत काढला तर सुधारणा फक्त ४.३ पट, पण तीही कानाला कळते.

१६ ने पिएझोला पुरतं का? मिक्सरचा लाइन इनपुट १० के असेल तर तो ड्रेनच्या ४.७ के च्या समांतर येऊन ३.२ के करतो, आणि गेन ११ वर घसरतो. थोडा अपुराच. इथे दुसरा ट्रान्झिस्टर बफर म्हणून टाकायचं ठरत होतं.

पण हे लिहिता लिहिताच सुचलं, की दोन फिक्स रेझिस्टरऐवजी १ के चा पॉट का नको? दोन टोकं सोर्स आणि ग्राउंडला, वायपर कपॅसिटरमधून ग्राउंडला. पॉटमधला डीसी मार्ग कायम १ के, वायपर कुठेही असो. बायस तसाच राहतो, वायपरमधून डीसी जात नाही म्हणून खरखरही कमी, आणि गेन ४.४ पासून ७० पर्यंत हवा तसा. अडचण फिरकीच्या मापाची. वायपर अर्ध्यावर, म्हणजे मोकळे ५०० ओहम, तेव्हा गेन ८.३. १०० ओहमला २८. सगळी मजा शेवटच्या कोपऱ्यात कोंबलेली, लिनिअर पॉटने काम जमणार नाही. साधा लॉग पॉट लावला तर फिरवायची दिशा उलटी होते. सुलटी हवी तर उलट लॉग, म्हणजे सी टेपर. तो आपल्याकडे पटकन मिळत नाही, लॅमिंग्टन रोडला निरोप धाडते. तोवर वरच्या टोकाला ४७ ओहम मालिकेत घालून कमाल गेन ४० च्या आसपास रोखते, म्हणजे कोपऱ्यातली घाईही थोडी कमी होईल.

बफर राहतोच, नाहीतर मिक्सर बदलला की गेन बदलेल. BS170 पडून आहेत, तेच लावते. पाय मात्र सांभाळा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर 2N7000 मध्ये डावीकडून सोर्स, गेट, ड्रेन असतं आणि BS170 मध्ये ड्रेन, गेट, सोर्स. पुढच्या वेळी पॉटच्या पाच स्थानांवरचे गेन मोजून टाकते. कोणाकडे १ के सी टेपर पडून असेल तर कळवा.