पुसलेले मेसेज आणि कॉल लॉग परत मिळवताना : माझा अनुभव

पिंपळगाव बसवंतहून अण्णांचा सकाळी अकराला फोन आला. द्राक्ष व्यापाऱ्याचे मेसेज आणि त्याच्याशी झालेल्या कॉलच्या नोंदी चुकून पुसल्या गेल्या होत्या. भाव, क्रेट आणि दिलेले पैसे हे सगळं त्या मेसेजमध्ये होतं. तारीख 17 फेब्रुवारी 2024, ऐन हंगाम.

नाशिकहून फोनवरच मी पहिली सूचना दिली, "अण्णा, वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, फोन चार्जिंगला लावू नका. आणि बॅकअपच्या बटणाला हात लावू नका."

या सूचनेचं कारण समजून घ्यायला हवं. अँड्रॉइडचा गुगल बॅकअप साधारणपणे फोन चार्जिंगला, वायफायवर आणि वापराविना पडलेला असताना आपोआप होतो. तो फोनची आत्ताची स्थिती साठवतो, म्हणजे रात्री नवा बॅकअप झाला की त्यात पुसलेले मेसेज नसणार. मग घाबरून लोक Settings > Google > Backup मध्ये जाऊन बॅकअपच बंद करतात. तसं करताना येणारी सूचना नीट वाचा, कारण बॅकअप बंद केल्यावर सर्व्हरवरची प्रतही पुसली जाते. म्हणून बंद करायचं ते इंटरनेट.

अर्काइव्ह आणि स्पॅम हे फोल्डर आधी पाहून घेतले, तिथे काही नव्हतं. काही फोनच्या मेसेज अॅपमध्ये रिसायकल बिन असतं, अण्णांच्या फोनमध्ये नव्हतं. खातं सिंक केलं की कॉल लॉग येईल, ही समजूतही चुकीची. संपर्क सिंक झाले की नंबरांना नावं लागतात, पण गेलेल्या कॉलच्या नोंदी येत नाहीत. त्या फक्त फोनच्या बॅकअपमध्येच असतात.

अण्णांच्या खात्यातून लॅपटॉपवर ड्राइव्ह उघडून Storage मधल्या Backups मध्ये तारीख पाहिली. शेवटचा बॅकअप त्याच पहाटेचा, म्हणजे पुसण्याआधीचा होता. फोन 57 दिवस वापरला नाही तर हा बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो, पण इथे ती भीती नव्हती.

अडचण पुढे होती. हा बॅकअप उघडून त्यातला एकच मेसेज काढता येत नाही. फोन रीसेट करून पहिल्यांदा सुरू करतानाच तो परत घेता येतो. अण्णांचा चालू फोन रीसेट करण्यापेक्षा मी घरातला पडलेला जुना फोन रीसेट केला. त्यातलं अँड्रॉइड अण्णांच्या फोनपेक्षा जुन्या आवृत्तीचं असतं तर बॅकअप उतरला नसता. आमचं दोन्हीकडे 13 होतं.

खात्यात शिरताना पडताळणीची सूचना अण्णांच्या फोनवर गेली, पण तिथे इंटरनेट बंद. मग एसएमएसने कोड मागवला, त्याला डेटा लागत नाही. त्यानंतर अण्णांच्या फोनवरून थेट कॉपी करण्याऐवजी क्लाउडमधला बॅकअप निवडला, आणि त्याने अण्णांच्या फोनच्या स्क्रीन लॉकचा पिन विचारला. तो माहीत नसेल तर सगळं इथेच थांबतं. सेटअप झाल्यावर लगेच मेसेज दिसले नाहीत. तासाभराने यादी पूर्ण भरली.

आता हे अण्णांच्या फोनवर न्यायचं होतं. SMS Backup & Restore हे अॅप जुन्या फोनवर टाकून फक्त त्या व्यापाऱ्याचं संभाषण निवडलं आणि कॉलच्या नोंदींची वेगळी फाइल केली. फाइल उघडून पाहिली तर एक ओळ साधारण अशी होती :

```
<sms date="1707973200000" type="1" body="..." />
```

हा आकडा म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद. हिशोब केला तर भारतीय वेळेनुसार 15 फेब्रुवारी 2024, सकाळी 10:30. `type` 1 म्हणजे आलेला मेसेज, 2 म्हणजे पाठवलेला. म्हणजे मूळ वेळ टिकून होती, आणि हिशोबासाठी तीच महत्त्वाची.

शनिवारी संध्याकाळी पिंपळगावला जाऊन दोन्ही फाइल क्विक शेअरने अण्णांच्या फोनवर पाठवल्या. त्यासाठी इंटरनेट सुरू करावं लागलं नाही, पण अॅप आधी फोनवर असावं लागतं म्हणून ते फाइलनेच बसवलं. मेसेज परत टाकताना हे अॅप स्वतःला तात्पुरतं डिफॉल्ट एसएमएस अॅप करायला सांगतं. काम होताच नेहमीचं अॅप परत डिफॉल्ट करा, नाहीतर नंतर येणारे ओटीपी शोधत बसावं लागतं.

दोन्ही फोनवर त्या संभाषणातले मेसेज मोजून पाहिले, कॉलच्या तारखा मेसेजशी ताडून पाहिल्या, मग इंटरनेट सुरू करून नवा बॅकअप होऊ दिला. 17 तारखेचा सकाळी 9:20 चा मेसेज आणि त्यानंतरचा एक कॉल मात्र आला नाही, कारण तो पहाटेच्या बॅकअपनंतरचा होता. तो मेसेज व्यापाऱ्याकडे होता. त्याने स्क्रीनशॉट पाठवला, आणि जुना फोन मी खात्यातून काढून पुन्हा रीसेट केला.