आळिंबी बारकोडिंग, नोंद ७: रिकामी लेन आणि न दिसलेला डायमर

मागच्या खेपेला चारही नमुन्यांचं डीएनए काढून झालं होतं. या आठवड्यात पीसीआर आणि जेल. चारपैकी एकच नमुना पहिल्या फटक्यात चालला. उरलेले तीन तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी फसले, म्हणून सविस्तर लिहितो.

मांडणी नेहमीचीच आहे. प्रायमर आयटीएस-१एफ आणि आयटीएस-४, २५ मायक्रोलीटरची रिअॅक्शन, त्यात १ मायक्रोलीटर टेम्प्लेट, ३५ सायकल. जेल दीड टक्क्याचं, म्हणजे ५० मिली टीएई बफरमध्ये पाऊण ग्रॅम अॅगरोज. प्रत्येक खाचेत ५ मायक्रोलीटर. पहिल्या लेनमध्ये १०० बेस पेअरची लॅडर, दुसऱ्यात आधी चाललेल्या नमुन्याचा पॉझिटिव्ह कंट्रोल, तिसऱ्यात टेम्प्लेटऐवजी पाणी, आणि पुढे अ, ब, क, ड.

वाचायला सुरुवात मी आता नमुन्यांपासून करत नाही. आधी लॅडर. तिचे बँड सुटे आणि सरळ असतील तर जेल, बफर, स्टेन आणि व्होल्टेज यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. लॅडरच पसरलेली असेल, तर नमुन्यांच्या लेनवर डोकं घालण्यात अर्थ नाही, दुसरं जेल ओतावं. मग कंट्रोल: ७०० च्या जवळ एक ठसठशीत बँड, ठीक. मग पाण्याची लेन. तिच्यात ७०० ला काही नाही, पण अगदी तळाशी, लॅडरच्या १०० च्या बँडच्याही खाली, एक धूसर, कडा नसलेला ठिपका. हा प्रायमर डायमर. दोन प्रायमरांची शेपटं एकमेकांना चिकटतात, पॉलिमरेज त्यांनाच टेम्प्लेट समजून भरून काढतं, आणि चाळीस-पन्नास बेस पेअरचा तुकडा तयार होतो. टेम्प्लेट नसलं की प्रायमरांना दुसरं कामच नसतं, म्हणून पाण्याच्या लेनमध्ये तो जास्त उठून दिसतो.

इथे एक जुनी चूक कबूल करतो. चौथ्या नोंदीत मी ‘डायमर अजिबात नाही’ असं लिहिलं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी निळा डाय जेलच्या टोकाबाहेर जाईपर्यंत मी करंट चालू ठेवला होता. ब्रोमोफेनॉल ब्लू अशा जेलमध्ये साधारण तीनशेच्या तुकड्याच्या खालीवर धावतो. डायमर त्याच्याही पुढे असतो, म्हणजे तो केव्हाच बफरमध्ये गेला होता. आता डाय जेलच्या दोन तृतीयांशावर आला की थांबतो.

डायमरवर इतकं लिहायचं कारण ब आणि क. दोघांमध्येही ७०० ला काहीच नव्हतं. आधीचा मी दोन्हींपुढे ‘फेल’ लिहून मोकळा झालो असतो. पण ब च्या लेनमध्ये तळाशी पाण्याच्या लेनसारखाच डायमर होता. क मध्ये तोही नाही, खाचेपासून टोकापर्यंत नुसता अंधार.

हा फरक महत्त्वाचा. ब मध्ये डायमर बनला, म्हणजे पॉलिमरेज, न्यूक्लिओटाइड, मॅग्नेशियम, मशीन सगळं चालू होतं. नव्हतं ते चिकटण्याजोगं टेम्प्लेट. दोष डीएनए काढण्यात असणार, किंवा त्या जातीत प्रायमरची जागा जुळत नसणार. क मध्ये मात्र रिअॅक्शनच बंद पडली असावी. एक तर मी त्या ट्यूबमध्ये काहीतरी घालायला विसरलो, नाही तर डीएनएबरोबर पॉलिमरेजला दाबणारं काहीतरी आलं. सगळ्या ट्यूबमध्ये एकाच मास्टर मिक्समधून भरलं होतं, त्यामुळे विसरण्याची शक्यता कमी. आणि क म्हणजे ती काळी, लाकडासारखी कडक आळिंबी, जिचा अर्क चहासारखा तपकिरी निघाला होता. (डायमर नसणं हा एकटा पुरावा म्हणून कच्चाच. भरपूर टेम्प्लेट असलं तरी डायमर दबतो. शेजारी पाण्याच्या लेनमध्ये तो दिसत असेल तरच त्याच्या गैरहजेरीला काही वजन.)

म्हणून दुसऱ्या दिवशी क च्या चार ट्यूब लावल्या: अर्क तसाच, दहापट पातळ, शंभरपट पातळ, आणि चौथीत तसाच अर्क अधिक पॉझिटिव्ह कंट्रोलचं डीएनए. खरी परीक्षा चौथीची. कंट्रोलचं डीएनए एकट्याने हमखास चालतं, ते क च्या सोबतीत बंद पडलं तर गुन्हेगार अर्कातच आहे.

चौथी लेन कोरी निघाली. पहिलीही कोरी. दहापट पातळ केलेल्यात ७०० च्या वर जरासा, डोळे बारीक करून पाहावा लागणारा बँड, आणि शंभरपटीत स्वच्छ, जाड बँड. टेम्प्लेट शंभरपट कमी करून उत्पादन वाढलं हे पहिल्यांदा बघताना उलटं वाटतं. पण दर सायकलला डीएनए दुप्पट होत असेल, तर दहापट पातळ करण्याची किंमत जेमतेम साडेतीन सायकल, शंभरपटीची सात. ३५ सायकलमध्ये तेवढी पचते, आणि दाबणारा पदार्थ मात्र शंभरपट कमी होतो.

आता ड. त्याच्या लेनमध्ये खाचेपासून तीनशेपर्यंत नुसता उजेडाचा ओघळ, आणि त्यात ७०० च्या जवळ किंचित दाट पट्टा, असेल-नसेल असा. लॅडर स्वच्छ होती, म्हणजे जेल निर्दोष. मला वाटलं, हे तर टाकलेलं मूळ डीएनएच दिसतंय. ते तपासायला १ मायक्रोलीटर अर्क २४ मायक्रोलीटर पाण्यात मिसळला, पीसीआर न करता त्यातलं ५ मायक्रोलीटर जेलमध्ये घातलं. रिअॅक्शनमधून लेनमध्ये जेवढं मूळ डीएनए येतं, बरोबर तेवढंच. खाचेच्या तोंडाशी पुसटशी चमक, बाकी काही नाही. म्हणजे ओघळ पीसीआरनेच बनवला होता. टेम्प्लेट फार झालं की प्रायमर नको तिथेही चिकटतात, अर्धवट तुकडे पुढच्या फेरीत भलतीकडे जुळतात, आणि सायकल वाढतील तसा राडा वाढतो.

ड दहापट पातळ करून ३० सायकलवर लावला. ओघळ गेला, ७०० च्या थोडा खाली एकच बँड. पण मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, म्हणून चुटपुट लागली आणि आणखी एक ट्यूब दहापट पातळ अर्कावर ३५ सायकलने चालवली. तीही स्वच्छ. तेव्हा दोष टेम्प्लेटच्या प्रमाणाचा, सायकल ३५ ठेवायला हरकत नाही.

अ, ड आणि शंभरपट पातळ केलेला क सिक्वेन्सिंगला जातील. ब साठी वाळवलेल्या तुकड्याच्या आतल्या भागातून नव्याने डीएनए काढतोय. पहिला तुकडा टोपीच्या वरच्या सालीचा होता आणि तो नीट कुटलाही गेला नव्हता, हे वहीत तेव्हाच लिहून ठेवलंय. नव्या अर्कालाही नुसता डायमरच आला, तर आयटीएस-१एफ काढून आयटीएस-५ घालून बघेन.