कुठलं बंदर?

फेब्रुवारीतली संध्याकाळ, सव्वासहाची वेळ. रत्नागिरीच्या आमच्या कार्यालयात पहिल्या पानाची डमी अजून रिकामी होती, कारण दिवसभरात बातमी म्हणावी असं काही घडलंच नव्हतं. अशा दिवशी संपादकांच्या मोबाइलवर एखादी पीडीएफ येऊन पडली की ती देवानेच पाठवली असं वाटतं. त्या दिवशी आलेली पीडीएफ तशीच होती. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात मोठं बंदर होऊ घातलंय, त्यावरून दोन वर्षं मोर्चे, बैठका, निवेदनं चालू आहेत, आणि आता एका सर्वेक्षण संस्थेने लोकांचा कौल काढला होता. बंदराला ५२ टक्क्यांचा पाठिंबा, ४४ टक्क्यांचा विरोध, बाकीच्यांचं काही ठरलेलं नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोळीवाड्यांतही ५८ टक्के लोक बंदराच्या बाजूने!’

“तालुका बंदराच्या बाजूने, आठ कॉलम,” साहेब म्हणाले. “कोळीवाड्याचं वाक्य उपशीर्षकात घे.”

मी उपसंपादक. साहेबांचं ऐकायचं हे माझं काम, पण मला ते ५८ खटकत होतं. त्या किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये मी स्वतः वार्तांकनाला गेले होते आणि बंदराच्या बाजूने बोलणारी माणसं तिथे मला शोधूनही सापडली नव्हती. आता, माझ्या कानांवर जे पडलं ते म्हणजे सगळ्यांचं मत नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून संस्थेच्या माणसाला फोन लावला आणि प्रश्नावली, उत्तरांची मूळ एक्सेल आणि सर्वेक्षणाचा खर्च कोणी केला हे नाव, अशा तीन गोष्टी मागितल्या. पहिल्या दोन त्याने बिनतक्रार पाठवल्या. तिसरीवर ‘ग्राहकाची गोपनीयता’ एवढंच उत्तर आलं. निवडणूकपूर्व चाचण्या छापताना ती कोणी केली, कोणी करवून घेतली, नमुना किती आणि कसा निवडला, चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावं असं प्रेस कौन्सिलने १९९६ सालीच सांगून ठेवलंय. ही निवडणूक नव्हती, पण नियम सोयीचा आहे, मी तो सगळीकडे लावते.

एक्सेल उघडली. एकूण ४१२ माणसं. बाजूने २१४, विरोधात १८१, अनिश्चित १७. टक्केवारी बरोबर होती, कोणी आकडे फिरवले नव्हते. आमच्याकडे सर्वेक्षणाबद्दल संशय आला की लोक थेट ‘विकत घेतलंय’ म्हणून मोकळे होतात. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं.

४१२ हा आकडा लहान आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही. भात शिजला का ते बघायला चार शितं पुरतात. फक्त भात नीट ढवळलेला हवा, आणि चार शितांवरून किती ठामपणे बोलायचं त्याला मर्यादा असते. ४१२ जणांच्या नमुन्यात ही मर्यादा साधारण ४.८ टक्क्यांची येते. म्हणजे त्याच तालुक्यातून, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी, दुसरी ४१२ माणसं निवडली, मग तिसरी, मग चौथी, तर दर वेळी आकडा थोडा हलेल; आणि शंभरातल्या ९५ वेळा तो खऱ्या आकड्याच्या इतपत आजूबाजूला पडेल. तेव्हा पाठिंब्याचे ५२ म्हणजे ४७ ते ५७ यांच्यामधलं काहीतरी.

इथे बहुतेक पत्रकार एक चूक करतात, मीही काही वर्षं केली. ५२ आणि ४४ यांत ८ चा फरक आहे, मर्यादा ४.८ ची, म्हणजे आघाडी पक्की असं आपण धरतो. पण मतं एकीकडून सुटली की बरीचशी दुसरीकडेच जातात, दोन्ही आकडे एकदम हलतात. त्यामुळे आघाडीची मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. इथे ती ९.४ आली. आठची आघाडी आणि साडेनऊची चूक. बाजू वरचढ दिसत होती, पण ठामपणे सांगण्याइतकी नाही.

मग कोळीवाडे. गावाच्या रकान्यावरून गाळणी लावली तर किनाऱ्यावरच्या पाच गावांची मिळून माणसं निघाली ३१. त्यांतली १८ बाजूने. झाले ५८ टक्के! ३१ जणांवर मर्यादा साडेसतरा टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे खरा आकडा ४१ असू शकतो आणि ७५ सुद्धा. पीडीएफमध्ये एकूण नमुन्याची मर्यादा छापली होती आणि वाचणाऱ्याने तीच कोळीवाड्यालाही लागू आहे असं समजावं अशी मांडणी होती. आतल्या गटांचे आकडे दिसले की आधी त्या गटात किती डोकी आहेत ते विचारायचं, एवढंच.

तरी १८ जण म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा बरेच होते. एक्सेलच्या शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता. फोनवरच्या मुलांनी त्यात समोरचा काय म्हणाला ते तुटक लिहून ठेवलं होतं, आणि पीडीएफ करणाऱ्याने तो बहुधा वाचलाच नव्हता. किनाऱ्यावरच्या त्या १८ पैकी सात जणांपुढे असं लिहिलं होतं: ‘जेटी लवकर व्हावी’, ‘बर्फाचा कारखाना पण हवा’, ‘गाळ काढा’.

मी त्या भागातल्या एका ओळखीच्या मावशींना फोन केला. मासळी विकतात, गेल्या पावसाळ्यात त्यांच्यावर छोटी बातमी केली होती. मागे लिलावाचा गलका चालू होता.

“मावशी, आपल्या तालुक्यात बंदर व्हावं असं वाटतं का?”

“व्हायलाच पायजे. किती वर्सं सांगतोय आमी.” मग क्षणभर थांबून, “कुठलं बंदर गो बाय? मच्छीचं का त्या कोळशाचं?”

मी प्रश्नावली परत वाचली. मुख्य प्रश्न असा होता: ‘स्थानिकांना रोजगार देणारं आधुनिक बंदर आपल्या तालुक्यात व्हावं असं आपल्याला वाटतं का?’ मालवाहू, कोळसा, जहाजं यांपैकी एकही शब्द त्यात नाही. शहरात बसून प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोक्यात बंदर म्हटलं की क्रेन आणि कंटेनर येत असणार. किनाऱ्यावर बंदर म्हणजे जिथे होड्या लागतात ते. तिथल्या माणसाने ‘हो’ म्हटलं ते त्याच्या धक्क्याला. दोघांचा शब्द एक होता, वस्तू दोन. वर ‘रोजगार देणारं’ हे विशेषण प्रश्नातच बसवलेलं, म्हणजे जे वादात आहे तेच गृहीत धरलेलं. आणि त्याच्या आधीचा प्रश्न काय होता? ‘आपल्या घरातलं कोणी नोकरीसाठी मुंबईला गेलं आहे का?’ कोकणातल्या घराला हा प्रश्न विचारायचा, त्या घराला आपला चाकरमानी आठवू द्यायचा, आणि लगेच रोजगार देणारं बंदर हवं का विचारायचं. नको कोण म्हणेल?

मावशींना मी आणखी एक विचारलं, तुम्हाला असा कोणाचा फोन आला होता का. त्या म्हणाल्या, दिवसा आला असेल तर उचलला नसेल, हात मासळीचे असतात.

फोन सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळात झाले होते. त्या वेळी होड्यांवरचे लोक समुद्रात, विकणाऱ्या बायका बाजारात, आणि फेब्रुवारी म्हणजे आंब्याच्या बागांमध्येही फवारणीची धावपळ. उचलणार कोण? दुकानात बसलेला, कार्यालयात असलेला, तालुक्याच्या गावात राहणारा. नंबर कुठून आणले विचारलं तर संस्थेचा माणूस म्हणाला, वाहनविक्रेत्यांकडच्या आणि एका घरबांधणीवाल्याच्या याद्या होत्या. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ मासिकाने टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार म्हणून सांगितलं. ते ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नव्वद वर्षांनी आम्ही त्याच यादीवर. वर काढलेली ४.८ ची मर्यादाही अशा नमुन्याला खरं तर लागू होत नाही. ती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांसाठी असते; ज्यांचं नाव चिठ्ठीतच नव्हतं त्यांची चूक त्या गणितात येत नाही.

४१२ मध्ये बायका होत्या ९६. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, म्हणजे शंभरात ५३. मी कॅल्क्युलेटर घेतला. बायकांमध्ये बाजूने ३८, विरोधात ५३. पुरुषांमध्ये बाजूने १७६, विरोधात १२८. दोघांना लोकसंख्येतला त्यांचा वाटा देऊन पुन्हा बेरीज केली, तर पाठिंबा ४७ आणि विरोध ४८.

पावणेनऊ वाजले होते. मी साहेबांच्या टेबलापाशी जवळजवळ धावत गेले. “साहेब, उलटं आहे! तालुका विरोधात आहे.”

साहेबांनी कागद बघितला, चष्मा वर केला. “९६ बायकांवर तुझी ती मर्यादा किती येते?”

दहा टक्के. मी ते बोलता बोलताच गप्प झाले. हाताशी आलेला आकडा माझ्या मनासारखा होता म्हणून त्याला मी तेवढं विचारलंच नव्हतं. शिवाय त्या ९६ म्हणजे फोन उचलणाऱ्या, वाहन किंवा घर घेतलेल्या घरातल्या बायका. त्यांना ५३ टक्क्यांचं वजन देऊन मी मावशींना आत आणलं नव्हतं. त्याच बायका जास्त वेळा मोजल्या होत्या. आणि प्रश्नातलं बंदर अजूनही कुठलं ते ठरलेलं नव्हतंच. त्यावर कुठलाही भार द्या, काय उपयोग?

बातमी टाकूनच द्यावी असं मी सुचवलं. साहेब नाही म्हणाले, आणि ते बरोबर होतं. ती पीडीएफ तोवर तालुकाभर फिरली होती, आपण गप्प बसलो तर लोकांपर्यंत ५२ आणि ५८ एवढंच पोचलं असतं. शेवटी पाचव्या पानावर तीन कॉलम घेतले. मथळा ‘बंदराबाबत पाहणी, कौल अस्पष्ट’. प्रश्न जसाच्या तसा छापला, त्याच्या आधीचाही. ४१२ माणसं, दिवसा फोन करून, कोणत्या याद्यांवरून, खर्च कोणी केला ते संस्थेने सांगितलं नाही, किनाऱ्यावरचे फक्त ३१, बायका चौथ्या हिश्शाहून कमी. ४७–४८ चं माझं गणित छापलं नाही. पहिल्या पानाची लीड पाणीटंचाईच्या आढावा बैठकीवर झाली. वाईट पान होतं.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या बाजूचे चिडले, विरोधातलेही चिडले. संस्थेचा माणूस मात्र मार्चमध्ये स्वतःहून बोलला. दुसरी फेरी करतोय, प्रश्नावली बघून घ्या म्हणाला. पाठवली. मुख्य प्रश्नात ‘कोळसा व इतर मालाची चढउतार करणारं बंदर’ असं स्वच्छ लिहिलं होतं, रोजगाराचं विशेषण गेलं होतं, मुंबईचा प्रश्न शेवटी ढकलला होता. खाली सूचना होती: फोन करण्याची वेळ, सकाळी ११ ते संध्याकाळी ५.